साठे असताना कॉस्ट शीट कशी मांडायची आणि त्यावरून विक्रीचा भाव कसा काढायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉस्ट शीटचा साचा बहुतेकांना पाठ असतो. अडतं ते साठ्यांपाशी. पत्र्याचा साठा वर का धरायचा, अर्धवट माल मधेच कुठे घालायचा आणि तयार माल त्याच्याही खाली का, हा गोंधळ बी.कॉम.च्या वर्गातही होतो आणि कारखान्याच्या ऑफिसातही. म्हणून इथे सगळे प्रश्न एकाच उदाहरणावर घेतले आहेत. मिरजेच्या एमआयडीसीत एक छोटी शेड आहे आणि तिथे लोखंडी कपाटांचं एकच मॉडेल बनतं, असं धरू. आकडे समजण्यासाठी रचलेले आहेत, पण मांडणी खऱ्या शेडसारखीच आहे.

महिन्याची माहिती काय आहे?

कच्च्या मालाचा, म्हणजे सीआर पत्रा, बिजागऱ्या, लॉक, हँडल, आरसा आणि पॅकिंगचा सुरुवातीचा साठा २,४०,००० रुपयांचा होता. महिन्यात ९,१०,००० ची खरेदी झाली. माल आणण्याचं भाडं आणि हमाली २२,००० झाली, आणि १२,००० चा माल परत पाठवला. महिनाअखेर २,००,००० चा माल शिल्लक राहिला.

कामगारांना मजुरीपोटी २,३२,००० रोख दिले. त्यात २०,००० मागच्या महिन्याचे होते आणि या महिन्याचे २८,००० अजून द्यायचे आहेत. पावडर कोटिंग बाहेरून करून घेतात, त्याचे कपाटामागे २४० प्रमाणे ६०,००० झाले.

शेडचे खर्च असे: वीज ६६,०००, सुपरवायझर आणि हेल्पर ७२,०००, भाडं ५०,०००, यंत्रांचा घसारा २८,०००, वेल्डिंग-ग्राइंडिंगचं किरकोळ सामान आणि दुरुस्ती २४,०००. पत्र्याच्या कातरणाचं भंगार ३०,००० ला विकलं. शेडमधल्या ऑफिसचा, म्हणजे स्टोअर आणि उत्पादनाचा हिशेब ठेवणाऱ्यांचा, खर्च ६०,००० आहे. बाकी सामान्य ऑफिसखर्च ३०,००० आणि विक्री-पोहोचवणीचा खर्च ४८,००० आहे.

अर्धवट माल सुरुवातीला ९५,००० चा होता, अखेरीस १,२५,००० चा. महिन्यात २५० कपाटं पूर्ण झाली. सुरुवातीला ५,८०० रुपयांच्या भावाने ३० तयार कपाटं गोदामात होती, अखेरीस ४० राहिली.

पूर्ण कॉस्ट शीट कशी दिसते?

| तपशील | रक्कम (रुपये) |
|---|---|
| कच्चा माल: सुरुवातीचा साठा | २,४०,००० |
| अधिक खरेदी | ९,१०,००० |
| अधिक भाडं, हमाली | २२,००० |
| वजा खरेदी परत | १२,००० |
| वजा अखेरचा साठा | २,००,००० |
| वापरलेला कच्चा माल | ९,६०,००० |
| प्रत्यक्ष मजुरी | २,४०,००० |
| प्रत्यक्ष खर्च (कोटिंग) | ६०,००० |
| प्राइम कॉस्ट | १२,६०,००० |
| कारखान्याचे ओव्हरहेड २,४०,००० वजा भंगार ३०,००० | २,१०,००० |
| एकूण कारखाना खर्च | १४,७०,००० |
| अधिक सुरुवातीचा अर्धवट माल | ९५,००० |
| वजा अखेरचा अर्धवट माल | १,२५,००० |
| वर्क्स कॉस्ट | १४,४०,००० |
| कारखान्याच्या ऑफिसचा खर्च | ६०,००० |
| उत्पादन खर्च (२५० कपाटं, प्रत्येकी ६,०००) | १५,००,००० |
| अधिक सुरुवातीचा तयार माल (३० × ५,८००) | १,७४,००० |
| वजा अखेरचा तयार माल (४० × ६,०००) | २,४०,००० |
| विकलेल्या मालाचा खर्च (२४० कपाटं) | १४,३४,००० |
| सामान्य ऑफिसखर्च | ३०,००० |
| विक्री आणि पोहोचवणी | ४८,००० |
| विक्रीपर्यंतचा एकूण खर्च (प्रत्येकी ६,३००) | १५,१२,००० |
| नफा (विक्रीच्या २० टक्के) | ३,७८,००० |
| विक्री (प्रत्येकी ७,८७५) | १८,९०,००० |

तिन्ही साठे वेगवेगळ्या पायरीवर का? एकदम वर का धरत नाहीत?

कारण प्रत्येक साठ्याच्या अंगावर वेगवेगळा खर्च चढलेला असतो. साठा जिथपर्यंतचा खर्च खाऊन बसला आहे, बरोबर त्या पायरीनंतर तो मिळवायचा किंवा वजा करायचा. नियम एवढाच आहे आणि तो कळला की साचा पाठ करावा लागत नाही.

रॅकवर पडलेल्या पत्र्यावर फक्त खरेदीचा दर आणि भाडं चढलंय. त्याला अजून कोणी हात लावलेला नाही, वीज लागलेली नाही. म्हणून तो कच्च्या मालाच्या ओळीतच वजा होतो. वेल्डिंग होऊन कोटिंगची वाट पाहणाऱ्या बॉडीवर पत्रा चढलाय, मजुरी चढली आहे, वीज, भाडं आणि सुपरवायझरचा वाटाही चढलाय. म्हणून तिचा हिशेब कारखान्याचे ओव्हरहेड मिळवल्यानंतर होतो. गोदामातल्या तयार कपाटावर याशिवाय कारखान्याच्या ऑफिसचा वाटाही आलाय, पण विक्रीचा खर्च नाही, कारण ते अजून विकलंच गेलेलं नाही. म्हणून ते उत्पादन खर्चाच्या खाली आणि विक्री खर्चाच्या वर येतं.

परीक्षेच्या प्रश्नात कधी कधी 'अर्धवट माल प्राइम कॉस्टने मोजला आहे' असं दिलेलं असतं. मग त्याच नियमाने तो ओव्हरहेडच्या आधी, प्राइम कॉस्टपाशी धरायचा. काही सांगितलं नसेल तर वर्क्स कॉस्टने मोजला आहे असं समजून पुढे जातात.

अर्धवट मालाचे १,२५,००० आले कुठून? पुस्तकात तर नुसता आकडा दिलेला असतो.

पुस्तकात दिलेला असतो, शेडमध्ये तो काढावा लागतो, आणि खरं काम तिथेच असतं. महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी शेडमध्ये फिरून बॉडी मोजायच्या आणि प्रत्येक बॉडी कोणत्या टप्प्यावर आहे ते लिहायचं. आपल्या शेडमध्ये त्या दिवशी २५ बॉडी होत्या. सगळ्यांची कटिंग, बेंडिंग आणि वेल्डिंग झालं होतं. ग्राइंडिंग करून त्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. कोटिंग, आरसा आणि अंतिम जोडणी बाकी होती.

अशा एका बॉडीत ४२ किलो पत्रा गेलाय. ७० रुपये किलोने त्याचे २,९४० झाले. बिजागऱ्या, कप्प्यांच्या पट्ट्या आणि लॉकची प्लेट मिळून ५६०, म्हणजे माल ३,५०० चा. तिथवरची मजुरी ८००. ही शेड मजुरीच्या ८७.५ टक्के दराने ओव्हरहेड लावते, त्याचे ७००. एकूण ५,०००, आणि २५ बॉडींचे १,२५,०००. सुरुवातीला अशाच १९ बॉडी होत्या, म्हणून तिथे ९५,०००.

हा ८७.५ टक्क्यांचा दर महिन्याच्या शेवटी काढायचा नसतो. वर्षाच्या अंदाजावरून तो आधीच ठरवतात, नाहीतर ज्या महिन्यात काम कमी त्या महिन्यात प्रत्येक बॉडी उगाच महाग दिसते. या महिन्यात प्रत्यक्ष आकडाही तेवढाच निघालाय (२,१०,००० ÷ २,४०,०००), ती उदाहरणाची सोय. एरवी फरक पडतो आणि तो वर्षअखेरीस जुळवून घेतात.

बॉडी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतील तर टप्प्यागणिक वेगळी ओळ लिहा. सगळ्यांना सरसकट 'पन्नास टक्के पूर्ण' म्हणणं सोपं असतं, पण ते चुकतं. इथे माल जवळजवळ सगळा सुरुवातीलाच लागतो, मजुरी मात्र हळूहळू चढते. पन्नास टक्के मजुरी झालेल्या बॉडीतही पत्रा शंभर टक्के गेलेला असतो.

वापरलेला माल ९,६०,००० आणि कपाटं २५०. मग एका कपाटाला माल ३,८४० चा लागला ना?

नाही, आणि ही चूक चांगले अनुभवी लोकही करतात. त्या ९,६०,००० मधून फक्त २५० कपाटं झालेली नाहीत. सुरुवातीला १९ बॉडी होत्या, अखेरीस २५ राहिल्या, म्हणजे ६ जादा बॉडींचा मालही त्यातूनच गेलाय. सहा बॉडींचे ३,५०० प्रमाणे २१,००० बाजूला काढले की २५० कपाटांना ९,३९,००० चा माल लागला असं दिसतं. कपाटामागे ३,७५६.

मजुरीचंही तसंच. ६ बॉडींचे ४,८०० वजा केले की २,३५,२०० राहतात, कपाटामागे सुमारे ९४१. महिन्याचा एकूण उत्पादन खर्च काढताना हा फरक दिसत नाही, कारण अर्धवट मालाच्या ओळीत तो आपोआप जुळतो. पण पुढच्या ऑर्डरचं कोटेशन देताना 'एका कपाटाला माल किती' हा आकडा लागतो. तिथे ३,८४० धरले तर प्रत्येक कपाटावर ८४ रुपये जादा लागतात आणि स्पर्धेत कोटेशन उगाच वर जातं.

मजुरी दिली २,३२,००० आणि शीटमध्ये २,४०,००० कशी?

कॉस्ट शीट रोकडीचा हिशेब नाही. या महिन्याच्या कामाची मजुरी किती, एवढंच तिला हवं असतं. दिलेल्या रकमेतून मागच्या महिन्याचे २०,००० वजा केले आणि या महिन्याचे देणं असलेले २८,००० मिळवले, की २,४०,००० होतात. वीजबिल पुढच्या महिन्यात येतं तिथेही हेच करावं लागतं, मीटरचं रीडिंग लिहून ठेवलं असेल तर.

भंगाराचे पैसे कुठे वजा करायचे?

पत्रा कातरताना निघणारं कातरण हा नेहमीचा प्रकार आहे, म्हणून त्याचे पैसे कारखान्याच्या ओव्हरहेडमधून कमी केले. काही जण ते थेट कच्च्या मालातून वजा करतात. तेही चालतं, पण एकच पद्धत ठरवून वर्षभर तीच ठेवा. विक्रीतून किंवा इतर उत्पन्नातून मात्र ते दाखवू नका, नाहीतर कपाट आहे त्यापेक्षा महाग दिसेल.

एक बारीक गोष्ट. भंगाराचा ढीग महिनाअखेर विकायचा राहिला असेल तर तो भंगाराच्या दराने मोजायचा. पत्र्याच्या दराने मोजला की साठा फुगतो.

पावसात पत्रा गंजून वाया गेला तर?

कातरण नेहमीचं, तशी ही हानी नेहमीची नाही. अशी हानी कॉस्ट शीटमध्ये घेत नाहीत, ती थेट नफा-तोटा खात्यात जाते. शेड गळली म्हणून कपाटाचा भाव वाढवला तर गिऱ्हाईक ते देणार नाही. पण साठ्यातून तो पत्रा काढून टाकायला विसरू नका. तो शिल्लक साठ्यातही नाही आणि हानी म्हणून वेगळाही दाखवला नाही, तर आपोआप 'वापरलेल्या मालात' जाऊन बसतो.

साठा चुकीचा मोजला गेला तर ते कळतं कसं?

रुपयांत कळत नाही, किलोत कळतं. या महिन्यात एकूण २५६ बॉडी झाल्या: पूर्ण झालेल्या २५०, त्यात अखेरच्या २५ मिळवल्या आणि सुरुवातीच्या १९ वजा केल्या. बॉडीला ४२ किलो पत्रा लागतो, म्हणजे महिन्याला १०,७५२ किलो. साठ्याच्या वहीतून निघालेला वापर याच्या आसपास आला पाहिजे.

समजा महिन्याच्या शेवटच्या दिवशी ३५७ किलो पत्रा आला. माल रॅकवर चढला म्हणून मोजणीत धरला, पण बिल पुढच्या महिन्याच्या २ तारखेला नोंदवलं. खरेदीत तो नाही, साठ्यात आहे. आता वापर १०,३९५ किलो दिसेल, म्हणजे बॉडीला ४०.६ किलो. तोच गेज, तोच मापाचा पत्रा, आणि अचानक दीड किलोची बचत? असं होत नाही. बॉडीमागचे किलो कमी दिसले की आधी शेवटच्या दोन दिवसांची चलनं काढून पाहा.

दुसरा नेहमीचा घोटाळा म्हणजे दुहेरी मोजणी. पत्रा कापून झालाय पण अजून वेल्डिंगला गेलेला नाही. स्टोअरवाल्याने तो कच्च्या मालात मोजला आणि सुपरवायझरने अर्धवट मालात. त्यावर उपाय एकच: शिअरिंग मशीनवर चढला की तो अर्धवट माल, असं ठरवून टाकायचं आणि दोघांनी मिळून मोजायचं.

आता या ३५७ किलोंचा परिणाम बघा. सुमारे २५,००० रुपयांनी साठा फुगला, तितकाच उत्पादन खर्च कमी दिसला. कपाट १०० रुपयांनी स्वस्त भासलं आणि २० टक्के नफ्याच्या हिशेबाने भाव सुमारे १२५ रुपये कमी लागला. पुढच्या महिन्यात तेच २५,००० सुरुवातीच्या साठ्यातून उलटे येतात आणि कपाट महाग दिसतं. एक महिना चांगला, एक वाईट असा झोका कॉस्ट शीटमध्ये दिसला तर धंद्यात कारण शोधण्याआधी साठ्यात शोधा.

तयार मालाचे दोन भाव का? ३० कपाटं ५,८०० ची आणि ४० कपाटं ६,००० ची?

इथे 'आधी आलेला माल आधी गेला' असं धरलंय. जुनी ३० कपाटं मागच्या महिन्याच्या खर्चाची होती, ती आधी विकली गेली. शिल्लक ४० याच महिन्याच्या उत्पादनातली, म्हणून ६,००० ने. सरासरीची पद्धतही चालते, पण पद्धत मधेच बदलू नये.

नगांची बेरीज रुपयांच्या आधी करा: ३० अधिक २५० वजा ४० म्हणजे २४० विकली. विक्री खर्च आणि नफा या २४० वरच येतो, उत्पादन खर्च मात्र २५० वर भागायचा. दोन्हीकडे एकच संख्या वापरणं ही परीक्षेतली सगळ्यांत नेहमीची चूक. आणि गोदामातली कपाटं विक्रीच्या भावाने कधीही मोजू नका, त्यात न झालेला नफा शिरतो.

सामान्य ऑफिसखर्च उत्पादन खर्चात का नाही? आमच्या पुस्तकात आहे.

जुन्या पुस्तकांत सगळा ऑफिसखर्च वर्क्स कॉस्टनंतर एकत्र मिळवतात. आताच्या मांडणीत उत्पादनाशी संबंधित ऑफिसखर्च तेवढा उत्पादन खर्चात घेतात आणि सामान्य खर्च विकलेल्या मालाच्या खाली. फरक साठ्याच्या किमतीत पडतो. सगळा खर्च वर घेतला तर गोदामातल्या ४० कपाटांवर मालकाच्या केबिनचं भाडंही चढतं. परीक्षेत तुमच्या अभ्यासक्रमाची पद्धत पाळा, शेडमध्ये नवी मांडणी बरी.

कर्जाचं व्याज, आयकर, देणग्या?

यातलं काहीही कॉस्ट शीटमध्ये येत नाही. पण व्याज शीटमध्ये नाही म्हणून ते भरायचं चुकत नाही. ते नफ्यातूनच जाणार, त्यामुळे नफ्याचा टक्का ठरवताना बँकेचा हप्ता डोळ्यांसमोर हवा. मालक स्वतः शेडमध्ये राबत असेल तर त्याच्या कामाचा बाजारातला पगार खर्चात धरून बघा. न धरता काढलेला 'नफा' बऱ्याचदा त्याचा स्वतःचाच पगार असतो.

जीएसटी खरेदीत धरायचा का?

इनपुट क्रेडिट मिळत असेल तर नाही. पत्र्याच्या बिलावरचा कर परत मिळतो, तो खर्च नाही. म्हणून वरचे ९,१०,००० कराशिवायचे आहेत. कंपोझिशन योजनेत क्रेडिट मिळत नाही, तिथे तोच कर मालाच्या किमतीत जातो. आपल्या शेडची महिन्याची विक्री १८,९०,००० आहे, म्हणजे वर्षाला दोन कोटींच्या वर. कंपोझिशनची दीड कोटीची मर्यादा ती ओलांडते, म्हणून तो प्रश्न इथे येत नाही.

विक्रीचा भाव नेमका कसा काढायचा? ६,३०० वर २० टक्के लावले तर ७,५६० येतात.

'२० टक्के नफा' हे कशावर, ते आधी विचारा. खर्चावर २० टक्के म्हणजे ७,५६०. विक्रीवर २० टक्के म्हणजे भावाच्या शंभरातले ८० खर्चाचे, म्हणून ६,३०० ला ०.८० ने भागायचं: ७,८७५. विक्रीवर २० टक्के आणि खर्चावर २५ टक्के हे एकच. एक्सेलमध्ये खर्च B20 मध्ये असेल तर:

```
=B20/(1-20%)
```

`=B20*(1+20%)` लिहिलं की कपाटामागे ३१५ रुपये कमी येतात आणि २४० कपाटांवर ७५,६०० जातात. महिन्याच्या सगळ्या विक्री-पोहोचवणीचा खर्च ४८,००० आहे, त्याच्याशी ताडून पाहा.

डीलरला १० टक्के सूट द्यायची असेल तर तीही भागूनच. ७,८७५ ला ०.९० ने भागलं की ८,७५० ही किंमतपत्रकातली किंमत. त्यावर १० टक्के सोडले की बरोबर ७,८७५ हातात राहतात. ७,८७५ मध्ये १० टक्के मिळवून ८,६६२ लिहिले तर सूट दिल्यावर ७,७९६ च उरतील. सूट बिलावरच दाखवली असेल तर जीएसटी सुटीनंतरच्या रकमेवर लागतो: ७,८७५ वर १८ टक्के म्हणजे १,४१७.५०, बिल ९,२९२.५० चं.

पत्रा महागला, पण आपल्याकडे जुन्या दराचा साठा आहे. भाव वाढवायचा का?

कॉस्ट शीट मागच्या महिन्याबद्दल बोलते, भाव पुढच्या महिन्याचा असतो. पत्रा ७० वरून ७४ झाला तर कपाटामागे ४२ किलोंचे १६८ वाढतात आणि नफ्याचा टक्का तोच ठेवायचा तर भाव २१० ने वाढतो. जुना साठा आठवड्याभरात संपेल. आज जुन्या दराने कोटेशन दिलं आणि माल पुढच्या महिन्यात बनवायचा असेल, तर तो नव्या पत्र्यातून बनेल. म्हणून साठा मोजायला जुना दर आणि कोटेशनला चालू दर, असे दोन वेगळे हिशेब ठेवा. शेजारचा कारखाना जुना साठा असेपर्यंत जुन्या भावाने विकेल हे खरं, पण त्याचा साठा संपल्यावर तोही तिथेच येतो.

मोठ्या ऑर्डरचं कोटेशन या शीटवरून कसं द्यायचं?

समजा एका वसतिगृहाला ६० कपाटं हवी आहेत, थोडा जाड पत्रा आणि दुहेरी कोटिंग. शीटमधून रुपये उचलायचे नाहीत, दर उचलायचे. माल नव्याने काढला: ३,९००. मजुरी ९६०, कोटिंग ३००. मजुरीवर ८७.५ टक्क्यांनी ओव्हरहेड ८४०. वर्क्स कॉस्ट ६,०००. कारखान्याच्या ऑफिसचा खर्च वर्क्स कॉस्टच्या चोविसाव्या भागाइतका होता (६०,००० ÷ १४,४०,०००), म्हणून २५०. सामान्य ऑफिसखर्च शीटप्रमाणे कपाटामागे १२५. पोहोचवणी मात्र शीटमधली २०० नको. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवून द्यायचं आहे, म्हणून २२५. एकूण ६,६००, भाव ८,२५०, अधिक जीएसटी.

गिऱ्हाईक आपलं नेहमीचं कपाट ६,००० ला मागतंय, म्हणजे खर्चापेक्षाही कमी. सरळ नाही म्हणायचं?

शेडला काम कमी असेल तर लगेच नाही म्हणू नका. ६,३०० मध्ये भाडं, घसारा, सुपरवायझर आणि ऑफिस आहे, ते एका जादा कपाटाने वाढत नाही. खरंच वाढतं ते असं: माल ३,७५६, कोटिंग २४०, मजुरी ९४१ (कामावर पैसे देत असाल तरच), वीज आणि किरकोळ सामान साडेतीनशेच्या आसपास, पोहोचवणी २००. त्यातून भंगाराचे शंभरेक परत येतात. बेरीज ५,४०० च्या घरात जाते. त्यामुळे ६,००० ला दिलेल्या प्रत्येक कपाटामागे सहाशे रुपये भाड्याकडे जातात. अट अशी की हे गिऱ्हाईक तुमच्या डीलरच्या गावातलं नसावं. ते असेल तर उद्या डीलरही ६,००० च मागेल, आणि मग २४० कपाटं त्या भावाने गेली तर महिन्याला ७२,००० चा तोटा होतो.